नऊ त्रिकोणांचे त्रेचाळीस होतात कसे?

शंका : कवठे येमाईला येमाईच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांनी मला मोबाइलवर एका यंत्राचा फोटो पाठवला. मधोमध ठिपका, त्याभोवती एकमेकांत अडकलेले त्रिकोण, मग कमळाच्या पाकळ्यांची दोन वर्तुळं आणि बाहेर चार दारं असलेली चौकट. सासूबाई म्हणतात, ही तांत्रिकांची विद्या आहे, असलं चित्र घरात नको. दहावीतला मुलगा म्हणतो, ही नुसती भूमिती आहे. फोटो ठेवावा की पुसून टाकावा? आणि यात नेमकं काय काढलेलं असतं?

समाधान : ताई, फोटो पुसू नका. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ते श्रीयंत्र आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातही ते भिंतीवर कोरलेलं आहे आणि रोज हजारो लोक त्याच्या शेजारून जातात. सासूबाईंना भीती वाटते ती रेषा अनोळखी असल्यामुळे. न्यास, मंत्र, दीक्षा हा उपासनेचा भाग वेगळा. तो ज्याला करायचा आहे त्याने आपल्या गुरूंना विचारावा. आकृती पाहायला, मोजायला आणि समजून घ्यायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. म्हणून इथे मी फक्त आकृतीबद्दल लिहितो. तुमच्या मुलालाही सोबत बसवा.

बाहेरून आत जाऊ. चौकटीला भूपुर म्हणतात. ती बहुधा तीन समांतर रेषांची असते आणि चार दिशांना तिची रेष बाहेर वळून दार होतं. एखाद्या बाजूला दार नसेल तर तो छपाईचा दोष समजावा. चौकटीच्या आत वर्तुळं, मग सोळा पाकळ्यांचं कमळ, त्याच्या आत आठ पाकळ्यांचं. पाकळ्या काढणं सोपं आहे: वर्तुळाचे सोळा सारखे भाग म्हणजे प्रत्येकी साडेबावीस अंश आणि आठ भाग म्हणजे पंचेचाळीस अंश. बारा पाकळ्या मोजल्या गेल्या तर ते यंत्र दुसरं कुठलं तरी असेल. इथपर्यंत कंपास आणि कोनमापकाने कुणालाही जमतं.

खरं कौशल्य आतल्या त्रिकोणांत आहे. मोठे त्रिकोण फक्त नऊ. पाच खाली टोक केलेले, ते शक्तीचे मानतात. चार वर टोक केलेले, ते शिवाचे. हे नऊ एकमेकांना छेदतात तेव्हा मधल्या जागेत छोटे त्रिकोण आपोआप तयार होतात. ते वेगळे काढावे लागत नाहीत. मध्यभागी ठिपक्याभोवतीचा एक, त्याभोवती आठांचं कडं, मग दहांची दोन कडी, अंतर्दशार आणि बहिर्दशार, आणि सर्वांत बाहेर चौदांचं. एक, आठ, दहा, दहा, चौदा, बेरीज त्रेचाळीस. 'सौंदर्यलहरी'च्या अकराव्या श्लोकात या सगळ्याची मोजदाद आहे. तिथे काही पोथ्यांत चव्वेचाळीस असा पाठ आहे, कारण ठिपकाही मोजणारे आहेत. त्यावरून वाद घालू नये.

आता मुलाच्या म्हणण्याकडे येतो. नऊ त्रिकोण कसेही एकमेकांवर ठेवले तर त्रेचाळीस येत नाहीत. दोन रेषा एकमेकींना छेदतात त्या जागेला संधी म्हणतात आणि तीन रेषा एकाच बिंदूत भेटतात त्या जागेला मर्म. दोन रेषांचा छेद कुठेही होतो, त्यात कसब नाही. तिसरी रेषही नेमकी त्याच बिंदूतून गेली पाहिजे, ही अट फार कडक आहे, कारण एक त्रिकोण हलवून एक मर्म जुळवलं की दुसरीकडचं सुटतं. मॉस्कोच्या कुलाइचेव यांनी १९८४ साली 'इंडियन जर्नल ऑफ हिस्टरी ऑफ सायन्स'मध्ये याच गुणधर्मांवर लेख लिहिला होता, हे मुलाला जरूर सांगा.

एक मर्म त्याला प्रत्यक्ष करून पाहू द्या. जुन्या एका रीतीत वर्तुळाच्या उभ्या व्यासाचे ४८ भाग करतात. २४ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ घेतलं की एक भाग अर्ध्या सेंटिमीटरचा. मधोमध उभी रेघ मारा. त्या रेघेवर वरच्या टोकापासून ३, ६, ८.५, १०, ११.५, १३.५, १५, १८ आणि २१ सेंटिमीटरवर आडव्या रेषा ओढा. या नऊ रेषा म्हणजे नऊ त्रिकोणांचे पाये. त्यांतल्या आपल्याला सध्या पहिली, दुसरी, सहावी आणि सातवी पुरे. सातवी रेष वर्तुळापर्यंत पूर्ण ठेवा आणि तिची दोन्ही टोकं वर्तुळाच्या वरच्या टोकाला जोडा. हा वर टोक केलेला मोठा त्रिकोण झाला. पहिल्या रेषेची दोन्ही टोकं दीड-दीड सेंटिमीटर पुसा आणि उरलेल्या रेषेची टोकं सहाव्या रेषेच्या मध्याला जोडा; हा खाली टोक केलेला त्रिकोण. आता दुसऱ्या रेषेवर पाहा. पहिल्या रेषेवरच्या त्रिकोणाची बाजू ती मधल्या उभ्या रेघेपासून ४.६० सेंटिमीटरवर ओलांडते, सातव्या रेषेवरच्या त्रिकोणाची ४.६५ वर. अंतर अर्ध्या मिलिमीटरचं, पेन्सिलच्या रेघेच्या जाडीत लपून जाणारं. तीन रेषा भेटल्या.

आता मुद्दाम चुकवा. पहिल्या रेषेची टोकं दीडऐवजी दोन सेंटिमीटर पुसा. बाजू ४.२४ वर येईल, म्हणजे चार मिलिमीटर अंतर पडेल आणि त्या फटीत एक इवलासा त्रिकोण उगवेल. तो त्रेचाळीसांत नाही. जुन्या रीतीत आकडे नेमके दिलेले का असतात, ते यावरून कळतं. गणिताच्या दृष्टीने पाहिलं तर ४८ भागांची ही रीतही मर्म अचूक जुळवत नाही, जवळपास आणते. कारागिराच्या हाताला तेवढं पुरतं.

म्हणून तुमच्या फोटोची परीक्षा अशी करा: फोटो मोठा करून रेषा जिथे तीन-तीन येऊन मिळायला हव्यात तिथे बारीक त्रिकोण दिसतात का, ते बघा. दिसले तर चित्र घाईघाईने काढलेलं आहे.

शंका : अशी चुकीची रेष असलेलं चित्र घरात असेल तर दोष लागतो का? आणि माझ्या फोटोत वर्तुळ थोडं लांबट दिसतं, तेही अशुभ का?

समाधान : छापखान्याच्या चुकीचा दोष तुम्हाला का लागावा? पूजेसाठी यंत्र हवं असेल तर नीट काढलेलं घ्यावं, एवढंच. चुकीचं चित्र भिंतीवर असलं तर त्याला चुकीचं चित्र म्हणावं. भीतीपोटी ते नदीत सोडू नये.

लांबट वर्तुळाचं कारण बहुधा कॅमेरा आहे. यंत्र उंचावर लावलेलं असतं, आपण खालून मोबाइल धरतो, मग वर्तुळ अंडाकृती होतं आणि चौकटीच्या बाजू एकमेकींकडे झुकतात. फोटोत चौकटीच्या समोरासमोरच्या बाजू मोजा. त्या सारख्या नसतील तर दोष मोबाइल धरण्याच्या कोनाचा आहे. यंत्राच्या समोर, त्याच्या मध्याच्या उंचीवर मोबाइल धरून पुन्हा फोटो घ्यायला सांगा आणि मग त्रिकोण मोजा. मोजताना आधी सर्वांत आतला त्रिकोण शोधा. वर सांगितलेल्या मांडणीत त्याचं टोक खाली असतं. ते वर दिसलं तर कागद उलटा धरलेला असेल किंवा काढणाऱ्याची परंपरा वेगळी असेल, कारण काही ठिकाणी पाच त्रिकोण वर टोक करून मांडतात. कडी मात्र दोन्हींत तीच: एक, आठ, दहा, दहा, चौदा.