शीर्षकातला शब्द आणि शोधणाऱ्याचा शब्द

पबमेडमध्ये विषयाचा शब्द टाइप केला की निबंधाचा संपूर्ण मजकूर तपासला जात नाही. तपासले जातात ते मुख्यतः शीर्षक, सारांश, लेखकाने दिलेले कीवर्ड आणि अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने निबंधाला जोडलेली विषयनामे, म्हणजे ‘मेश’ संज्ञा. स्कोपसमधला नेहमीचा विषयशोधही शीर्षक, सारांश आणि कीवर्ड यांच्यातच चालतो. वेब ऑफ सायन्समध्ये यात आणखी एक भर पडते. निबंधाने ज्यांचे संदर्भ दिले आहेत त्या निबंधांच्या शीर्षकांतून काही शब्द आपोआप काढून जोडले जातात. गूगल स्कॉलर संपूर्ण मजकूर पाहतो, पण पद्धतशीर आढावा घेणारे संशोधक केवळ त्याच्यावर विसंबत नाहीत. म्हणजे निबंध वीस पानांचा असला तरी शोधणाऱ्याच्या दृष्टीने तो तीनएकशे शब्दांचाच असतो, आणि एखादा शब्द त्या तीनशेंत नसेल तर त्या शब्दाने शोधणाऱ्यापुरता तो निबंध अस्तित्वात नसतो.

यातून लेखकाला मोह होतो तो मोठे, गजबजलेले शब्द घेण्याचा. विषय जितका रुंद तितके शोधणारे जास्त, हा त्यामागचा हिशेब. तो किती चुकतो हे एका कल्पित निबंधावरून पाहता येईल. समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांतील आश्रमशाळांत 12 ते 16 वर्षांच्या सुमारे 400 मुलींचे हिमोग्लोबिन एकदाच तपासले. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे या वयाच्या मुलींमध्ये दर डेसिलिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे ॲनिमिया. सोबत आहाराची प्रश्नावली भरून घेतली आणि जेवणानंतर लगेच चहा पिणाऱ्या मुलींत ॲनिमिया अधिक आढळला. पहिल्या मसुद्याचे शीर्षक असे: ‘भारतातील आदिवासी मुलींच्या लोहअभावजन्य ॲनिमियावर चहापानाचा परिणाम’. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तपासून घ्यावा लागेल.

‘परिणाम’ हा शब्द सर्वांत सरळ चुकीचा आहे. सर्व मोजमापे एकाच वेळी झाली आहेत, त्यामुळे चहामुळे ॲनिमिया झाला असे या पाहणीतून सांगता येत नाही. ज्या घरी दूध, भाजी आणि डाळ कमी, त्याच घरी चहा जास्त, असेही असू शकेल. चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो हे अन्य प्रयोगांतून माहीत आहे, पण ते ज्ञान त्या प्रयोगांचे आहे, या पाहणीचे नव्हे. येथे योग्य शब्द ‘संबंध’ हा आहे आणि त्यासोबत ‘छेदात्मक अभ्यास’ असे अभ्यासाच्या रचनेचे नावही द्यावे. निरीक्षणात्मक अभ्यासांच्या लेखनासाठीची ‘स्ट्रोब’ मार्गदर्शिकाही अभ्यासाची रचना शीर्षकात किंवा सारांशात नेहमीच्या संज्ञेने सांगावी असेच म्हणते. शोधाच्या बाजूने पाहिले तर या बदलात काहीच गमावले जात नाही. ‘परिणाम’ किंवा ‘प्रभाव’ या शब्दांवरून फारसे कोणी शोध घेत नाही, उलट रचनेचे नाव मात्र शोधसूत्रात पुष्कळदा असते. ‘जेवणानंतरचा चहा ॲनिमिया वाढवतो’ असे पूर्ण वाक्याचे शीर्षक तर येथे मुळीच चालणार नाही, कारण अशा शीर्षकात शंकेला जागाच उरत नाही.

‘लोहअभावजन्य’ या शब्दाची चूक अधिक सूक्ष्म आहे आणि ती बहुधा नजरेतून सुटते. या अभ्यासात हिमोग्लोबिन मोजले, फेरिटिन मोजले नाही. शरीरातला लोहाचा साठा किती आहे हे फेरिटिनवरून कळते, हिमोग्लोबिनवरून नाही. आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, मलेरिया आहे, जंत आहेत, ब-12 आणि फोलेटची कमतरताही आहे, आणि या प्रत्येकाने हिमोग्लोबिन उतरते. म्हणून शीर्षकात फक्त ‘ॲनिमिया’ राहतो. ‘लोहअभाव’ हा शब्द शीर्षकातून काढून कीवर्डमध्ये ढकलणे ही पळवाट नेहमी वापरली जाते, आणि कीवर्ड म्हणजे दावा नव्हे असे तिचे समर्थन केले जाते. हे समर्थन टिकत नाही. कीवर्ड हा निबंध कशाविषयी आहे याचे विधानच असते. लोहअभावाचे प्रमाण शोधणारी आढावाकार त्या कीवर्डवरून निबंध उघडते, आत फेरिटिन सापडत नाही आणि तिला तो वगळावा लागतो. क्वचित घाईत तो वगळलाही जात नाही, आणि मग चुकीचा आकडा आढाव्यात शिरतो. हे दुसरे नुकसान जास्त मोठे आहे.

मर्यादा सांगायची जागा सारांशात आहे. ‘फेरिटिन मोजलेले नाही, त्यामुळे लोहअभावाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही’ हे वाक्य तिथे यावे. डेटाबेसला नकार कळत नाही. तो ‘फेरिटिन’ हा शब्द पाहतो आणि निबंध यादीत आणून ठेवतो. पण सारांश वाचणाऱ्याला पुढच्याच क्षणी खरी गोष्ट कळते. मात्र याच सवलतीचा फायदा घेऊन न मोजलेल्या दहा गोष्टींची नावे सारांशात पेरणे ही लबाडी ठरेल.

आता भूगोल. ‘भारतातील’ हा शब्द शीर्षकात आला की दोन तालुक्यांची पाहणी देशाच्या नावावर जाते. पण केवळ ‘नंदुरबार’ लिहिले तर निबंध हरवतो, कारण नैरोबीत किंवा लंडनमध्ये बसलेला आढावाकार जिल्ह्याचे नाव टाइप करणार नाही. तो साधारण असे सूत्र लिहील:

```
(anaemia[tiab] OR anemia[tiab])
AND adolescen*[tiab]
AND (tribal[tiab] OR indigenous[tiab])
AND India[tiab]
```

यातले [tiab] हे चिन्ह शोध शीर्षक, सारांश आणि लेखकाचे कीवर्ड यांच्यापुरता मर्यादित करते. लेखकाच्या संस्थेच्या पत्त्यात ‘भारत’ असला तरी तो इथे मोजला जात नाही. उपाय सोपा आहे: ‘नंदुरबार, महाराष्ट्र, भारत’ अशी उतरती ओळ शीर्षकाच्या शेवटी ठेवायची. शोधणाऱ्याला देशाचे नाव मिळते आणि वाचणाऱ्याला अभ्यासाची खरी सीमा दिसते. याच सूत्रावरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. शीर्षकात आणि सारांशात फक्त ‘टीनएज’ किंवा ‘शाळकरी मुली’ असेल, तर adolescen* या तुकड्याला काहीच जुळणार नाही. मेशमध्ये किशोरवय 13 ते 18 वर्षे धरले जाते आणि 12 वर्षांची मुलगी ‘बालक’ या गटात जाते. म्हणून सारांशात वयाचे आकडेच दिलेले बरे.

स्पेलिंगचाही प्रश्न आहे. पबमेडमध्ये साधा शब्द टाइप केला तर ब्रिटिश anaemia आणि अमेरिकन anemia हे दोन्ही एकाच मेश संज्ञेकडे नेले जातात. पण [tiab] सारखे क्षेत्रचिन्ह लावले की ही सोय बंद होते. अनुभवी शोधक दोन्ही स्पेलिंगे लिहितो, नवखा लिहीत नाही. शीर्षकात एक आणि कीवर्डमध्ये दुसरे देणे हा कीवर्डचा अगदी योग्य उपयोग आहे. शीर्षकातलेच शब्द कीवर्डमध्ये पुन्हा लिहिण्यात मात्र बहुतेक वेळा जागा फुकट जाते, कारण ही दोन्ही क्षेत्रे एकत्रच तपासली जातात. पर्यावरणशास्त्र आणि उत्क्रांतिशास्त्रातील निबंधांच्या 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दहापैकी नऊहून अधिक निबंधांत असे पुनरावृत्त कीवर्ड आढळले होते.

सर्वांत अवघड शब्द उरतात ते ‘आदिवासी’ आणि ‘आश्रमशाळा’. भारतीय संशोधक इंग्रजीत सहसा tribal लिहितात, तर आंतरराष्ट्रीय आढाव्यांत indigenous हा शब्द चालतो. पहिला शीर्षकात आणि दुसरा कीवर्डमध्ये, अशी विभागणी चालेल. आश्रमशाळेसाठी कोणी residential school लिहिले, तर शोधणारा कॅनडात पोहोचतो. तेथील मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ज्या शाळांत ठेवले जाई, त्यांचे इंग्रजी नावच ‘इंडियन रेसिडेन्शियल स्कूल’ असे होते आणि त्यांच्यावर अफाट लेखन आहे. indigenous आणि residential school हे दोनच कीवर्ड एकत्र आले, तर नंदुरबारच्या मुली त्या वेगळ्या आणि वेदनादायी इतिहासाच्या यादीत जाऊन पडतील. म्हणून ashram school हा शब्द सोडू नये, त्याला अर्थविस्तारासाठी residential जोडावा आणि देशाचे नाव कुठेतरी असलेच पाहिजे. शब्द परका वाटेल म्हणून स्थानिक नाव पुसून टाकणे इथे दुहेरी तोट्याचे ठरते, कारण अचूकताही जाते आणि योग्य वाचकही.

अतिशयोक्ती नेहमी शब्द वाढवूनच होते असे नाही, एखादा शब्द गाळूनही ती होते. उंदरांवरचे अल्झायमर संशोधन हे त्याचे ठळक उदाहरण. 2021 साली ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकात अशा 623 निबंधांची तपासणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या शीर्षकात उंदरांचा उल्लेख नव्हता त्यांच्या बातम्यांच्या मथळ्यांतूनही उंदीर बहुधा गायब झालेले होते. मथळा वाचणाऱ्या रुग्णाच्या कुटुंबाला औषध सापडले असे वाटते, आणि ही चूक बातमीदाराच्या आधी निबंधाच्या शीर्षकात झालेली असते. नंदुरबारच्या उदाहरणात गळू नये असा शब्द ‘आश्रमशाळा’ हाच आहे. शाळाच सोडलेल्या किंवा लग्न झालेल्या मुली या पाहणीत आलेल्याच नाहीत.

कोणते शब्द घ्यावेत याचा अंदाज बांधण्याची गरज नसते. पद्धतशीर आढाव्यांसाठीची ‘प्रिझ्मा’ मार्गदर्शिका लेखकांना त्यांची शोधसूत्रे संपूर्ण छापायला सांगते, त्यामुळे ती बहुधा परिशिष्टात मिळतात. ॲनिमियावरचे चार-पाच आढावे घेऊन त्यांची सूत्रे वाचली की शोधणारे खरोखर काय टाइप करतात ते दिसते. मग ज्या पाच-सहा निबंधांच्या शेजारी आपला निबंध असावा असे वाटते, त्यांच्या पबमेड नोंदी उघडून तिथल्या मेश संज्ञा पाहाव्यात. ही पायरी ज्यांचे नियतकालिक मेडलाइनमध्ये नाही त्यांच्यासाठी अधिक मोलाची आहे. पबमेडमधल्या अशा बऱ्याच निबंधांना मेश संज्ञा जोडल्याच जात नाहीत आणि त्यांचा सगळा भार लेखकाच्या शब्दांवर असतो. शेवटी आपले शीर्षक, सारांश आणि कीवर्ड एका कागदावर घेऊन त्या सूत्रांतला प्रत्येक कंस तपासावा. एका जरी कंसातला कोणताच शब्द जुळला नाही, तर निबंध त्या शोधात येणार नाही.

या तपासणीनंतर त्या कल्पित निबंधाचे शीर्षक असे होते: ‘आदिवासी किशोरवयीन मुलींमधील ॲनिमिया आणि जेवणानंतरचे चहापान यांचा संबंध: नंदुरबार, महाराष्ट्र, भारत येथील आश्रमशाळांतील छेदात्मक अभ्यास’. ते पहिल्यापेक्षा लांब आहे. पण वर दिलेल्या सूत्रातल्या चारही अटी ते इंग्रजीत पूर्ण करते, आणि पहिल्या मसुद्यात मात्र किशोरवयाचा शब्दच नव्हता. हे काम हस्तलिखित पाठवण्यापूर्वी करावे, कारण छापून झालेले शीर्षक दुरुस्त करायचे तर नियतकालिकाला शुद्धिपत्र काढावे लागते आणि तोपर्यंत जुने शीर्षक इतरांच्या संदर्भयाद्यांत गेलेले असते.