तोंडी घातलेली भाषा

मराठी कथेत किंवा एकांकिकेत मुसलमान पात्र आले की ते बहुधा हिंदी बोलतच येते. ‘हम गरीब आदमी है साब, खुदा कसम, हम झूठ नहीं बोलता’ हे त्याचे ठरलेले पहिले वाक्य. मग तो जोगेश्वरीचा असो, महाडचा असो की सोलापूरचा. लेखकाला वाटते, आपण वास्तव लिहिले. वाचकालाही खटकत नाही, कारण असे वाक्य त्याने पूर्वी अनेकदा वाचलेले असते. परंतु हे वाक्य प्रत्यक्ष बोलणारा माणूस शोधायला अंधेरी स्टेशनाबाहेर उभे राहिलात तर तो सहजी सापडणार नाही. स्वत:ला ‘हम’ म्हणणारा उत्तरेकडचा माणूस ‘बोलते हैं’ म्हणतो. ‘बोलता’ म्हणणारा मुंबईकर स्वत:ला ‘मैं’ किंवा ‘अपन’ म्हणतो. दोन मुलुखांचे कापड एकत्र शिवून केलेला हा अंगरखा कोणाच्याच मापाचा नाही. तरीही तो पिढ्यान् पिढ्या एकाच जमातीच्या अंगावर चढवला जातो.

संवाद लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालणे. ज्याच्या तोंडी ते घातले तो पानावर येऊन तक्रार करू शकत नाही. म्हणून हा प्रश्न मला नुसता शैलीचा वाटत नाही, इन्साफचाही वाटतो. बोलीभाषा लिहूच नये, असे माझे म्हणणे नाही. ती कोणाची लिहायची आणि कोणाची झाकायची, हे ठरवताना लेखक कोणत्या तराजूने मोजतो, एवढेच मला पाहायचे आहे.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून, शुद्धलेखनापासून करू. 1962 साली मराठी लेखनाचे जे नियम मान्य झाले त्यांत पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहे. म्हणून निवेदनात आपण ‘असे केले’ लिहितो आणि संवादात ‘असं केलं’. ही मुभा सगळ्यांना सारखी आहे. व्यवहारात मात्र ती माणूस पाहून वापरली जाते. मुलुंडचा शिकलेला डॉक्टर बोलताना ‘म्हणजे’चा ‘म्हंजे’ करतो, ‘नाही’चा ‘नै’ करतो आणि ‘कुठे आहेस’ हे ‘कुठंयस’ असे एका दमात म्हणतो. कथेत त्याचे बोलणे ‘म्हणजे’, ‘नाही’, ‘कुठे आहेस’ असे स्वच्छ धुऊन येते. त्याच कथेतली घाटकोपरच्या टेकडीवरची मोलकरीण मात्र ‘न्हाई’, ‘व्हय’, ‘म्हंजी’ म्हणते आणि ते अक्षरश: तसेच छापले जाते. दोघेही लिखित भाषेपासून दूर गेलेले आहेत, पण एकाचे दूर जाणे लेखकाच्या कानाला ऐकूच येत नाही, कारण तो स्वत: तसाच बोलतो. विनोद आणि विडंबन येथूनच सुरू होते. मोलकरणीचा उच्चार खोटा नसतो. तो एकटीचाच नोंदला जातो, हे खोटे असते.

आता एक पात्र घेऊ. पस्तिशीचा रिक्षावाला, घर श्रीवर्धनकडचे, राहतो जोगेश्वरीला. रात्री आठच्या सुमारास अंधेरीला एक गिऱ्हाईक त्याला मरोळला चल म्हणते आणि तो नकार देतो. एवढाच प्रसंग लिहायचा आहे.

पहिला मसुदा नाटकी साच्यातला: ‘नहीं साब, हम उधर नहीं जाता, हमको माफ करो, अल्ला कसम.’ याबद्दल वर बोललो. दुसरा मसुदा सिनेमातला: ‘ए भिडू, अपुन का टाइम खल्लास! अपुन नहीं जाएगा, क्या समझा?’ हा अधिक फसवा आहे, कारण त्यात शब्द खरे आहेत. ‘रंगीला’ (1995), ‘सत्या’ (1998), ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ (2003) या चित्रपटांनी मुंबईची हिंदी देशभर नेली. पण पडद्यावर प्रत्येक वाक्यात टाळी हवी असते. रस्त्यावर दहा तास गाडी चालवलेला माणूस वाक्यागणिक तीन-तीन खास शब्द खर्चत नाही. खाजगीत, दोस्तांत, रंगात आल्यावर तो ‘अपुन’ म्हणेलही. अनोळखी गिऱ्हाइकाला तो चटकन आणि कमी शब्दांत उत्तर देईल.

तिसरा मसुदा असा: ‘गाडी देने का टाइम हुआ. उधर गया तो लेट होएगा. सामने से बस मिलेगा ना.’ यात एकही चमकदार शब्द नाही, तरी हा माणूस मुंबईचाच आहे हे कळते. कसे कळते, ते पाहण्यासारखे आहे. ‘गाडी देने का टाइम’ यात त्याचा धंदा आहे: रिक्षा भाड्याची, पाळी संपली की दुसऱ्याच्या हाती द्यायची. ‘बस मिलेगा’ यात लिंगाची ढिलाई आहे, ती या हिंदीत सर्रास असते. बाकीचे काम वाक्याच्या ठेवणीने केले आहे, आणि बोलीची खरी ओळख मला या ठेवणीतच दिसते. मुंबईच्या हिंदीच्या पोटात मराठी वाक्य दडलेले असते. ‘मेरे को जाने का है’ हे ‘मला जायचं आहे’ याच साच्यातले. ‘देर हुआ बोलके गया नहीं’ यातला ‘बोलके’ म्हणजे आपला ‘म्हणून’. ‘इधरिच’ यातला ‘च’ तर थेट आपल्या घरचा. अशी एक-दोन वळणे नेमकी पकडली की शब्दांची अक्षरे मोडण्याची गरज राहत नाही. नागपूरचा वाचकही अडखळत नाही, कारण सगळे शब्द त्याच्या ओळखीचे असतात. वळण तेवढे नवे असते.

पण आपला रिक्षावाला एवढ्यावर संपत नाही. गिऱ्हाईक गेल्यावर तो घरी फोन लावतो आणि आईला विचारतो, ‘तुजा जेवान झाला काय? मना उशीर होईल.’ दुसऱ्या दिवशी तो आर.टी.ओ.च्या खिडकीपाशी उभा राहून म्हणतो, ‘साहेब, हा कागद मागच्या आठवड्यात दिला होता. पोच आहे माझ्याकडे.’ एकाच तोंडी तीन भाषा, आणि तिन्ही त्याच्याच. मराठी कथेत यांतली पहिलीच सापडते. याचे कारण उघड आहे. लेखक मागच्या सीटवर बसलेला असतो. त्याने या माणसाला गिऱ्हाईक म्हणूनच ऐकलेले असते. फोनवरचे त्याच्या कानी पडत नाही आणि खिडकीवरच्या रांगेत तो पुढे उभा असतो. मग एवढ्याशा ऐकण्यावर सगळा माणूस उभा केला जातो, आणि कोकणातला मराठी बोलणारा मुसलमान मराठी साहित्यात परभाषी होऊन बसतो. हमीद दलवाईंनी ‘इंधन’ (1965) लिहून कोकणातल्या मुसलमानांचे जग मराठी कादंबरीत आणले, त्याला साठ वर्षे झाली. तरीही सवय फारशी मोडलेली दिसत नाही.

फोनवरच्या वाक्यात आणखी एक फसगत होऊ शकते. कोकणातले पात्र म्हटले की हौशी लेखक ‘माका’, ‘तुका’, ‘खय’ लिहू लागतो. 1980 साली ‘वस्त्रहरण’ आले आणि मालवणी बोली महाराष्ट्रभर लाडकी झाली, ही चांगलीच गोष्ट. पण श्रीवर्धन रायगडात आहे, सिंधुदुर्गात नाही. तिकडच्या बोलीत ‘मला’चे ‘मना’ होते. ‘जेवण झालं’चे ‘जेवान झाला’ होते, कारण तिथे नपुंसकलिंगाचा प्रत्यय पुल्लिंगात मिसळून जातो. ही चूक नाही, नियम आहे. ‘जेवान झाला’ म्हणणारा माणूस ‘पानी आला’ असेच म्हणणार. दोन ओळींनी तो ‘पाणी आलं’ म्हणाला तर समजावे की लेखकाने बोली ऐकलेली नाही, वरून शिंपडली आहे. खरी बोली आणि तिची नक्कल यांतला फरक ओळखायला मी हीच खूण धरतो. नक्कल करणाऱ्याला बोली म्हणजे मोडकी मराठी वाटते, म्हणून तो जिथे मनाला येईल तिथे मोडतो.

यावर काही मित्र म्हणतात, मग सगळ्यांनाच प्रमाण मराठी द्या, भांडण मिटेल. या उपायात अदब आहे, मी नाकारत नाही. घरात कोकणी बोलणारी माणसे आपसात बोलत असताना लेखकाने त्यांचे बोलणे साध्या मराठीत लिहिले, तर ते एक प्रकारचे भाषांतरच झाले, आणि भाषांतरात लबाडी नसते. लांबलचक कौटुंबिक संवादांना तर मला हाच मार्ग बरा वाटतो: दोन-चार शब्द बोलीचे, बाकी साधे. पण तो रिक्षावाला खिडकीवर गेल्यावर मुद्दाम भाषा बदलतो. त्या बदलण्यात त्याचे भय आहे, हुशारी आहे, थोडा स्वाभिमानही आहे. तिन्ही ठिकाणी तो एकसारखे बोलला तर हे सगळे पुसले जाते. म्हणजे झाकण्यानेही अन्याय होऊ शकतो.

शिव्या आणि टपोरी शब्द यांबद्दल थोडक्यात. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’ने (1965) नाक्यावरच्या पोरांची भाषा छापली तेव्हा केवढे वादळ उठले, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. आज अश्लीलतेची भीती कमी झाली आहे. शिळेपणाची मात्र वाढली आहे. असे शब्द दुधासारखे नासतात. बोरिवलीच्या आजच्या विशीतल्या पोराच्या तोंडी ‘रापचिक’ घातला तर तो पोरगा आपल्या बापाचे कपडे घालून फिरतो आहे असे वाटेल. कथेचा काळ ठरलेला असेल तर त्या काळाचा शब्द जरूर वापरावा, नसेल तर ‘लफडा’, ‘वांदा’, ‘भंकस’ यांसारखे मुरलेले शब्द बरे. त्यांचा अर्थही प्रसंगातून सांगता येतो. ‘पेपर नहीं है तो वांदा होएगा’ या वाक्याला तळटीप लागत नाही. ज्या शब्दाला तळटीप द्यावी लागते तो पात्राने वाचकासाठी उच्चारला की आपल्या माणसांसाठी, हे एकदा तपासावे. पात्र आपल्या माणसांशी बोलत असेल तर टीप न देता शब्द तसाच राहू द्यावा. एखादा शब्द कळला नाही म्हणून वाचक पुस्तक मिटत नाही.

राहता राहिला निवेदक. तोच रिक्षावाला ‘मी’ म्हणून सगळी कथा सांगू लागला तर त्याने कोणत्या भाषेत सांगावे? तीन भाषांपैकी कोणतीही एक निवडली तर उरलेल्या दोन पोरक्या होतात. तिन्ही मिसळल्या तर दुसऱ्या पानावर वाचक दमतो. तो कथा कोणाला सांगतो आहे हे आधी ठरवले, तर काहीसा मार्ग निघतो. आईला सांगत असेल तर एक, रात्री स्टँडवर चहा पिताना जोडीदाराला सांगत असेल तर दुसरी, पोलिसाला जबाब देत असेल तर तिसरी. जबाबाची कथा मला लिहून पाहायची आहे. तिथे तो बोलतो एका भाषेत आणि समोरचा हवालदार ते लिहून घेतो वेगळ्याच भाषेत, आणि सही मात्र या माणसाची असते.