सव्वा महिन्याची तपासणी

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढलेल्या इकोमध्ये बाळाच्या हृदयातलं छिद्र कुठे आहे आणि केवढं आहे, हे दिसतं. ते छिद्र बाळाला त्रास देणार का, हे त्या दिवशी पुरतं दिसत नाही. आईवडिलांना नेमकं हेच दुसरं उत्तर हवं असतं, आणि तेही दवाखान्यातून घरी निघायच्या आत. हर्सूलमध्ये लहान मुलांचा दवाखाना चालवताना मला असे रिपोर्ट घेऊन येणारी घरं नेहमी भेटतात. त्यांना मी जे सांगते, ते एका बाळाच्या निमित्ताने इथे सविस्तर मांडते.

हर्सूलच्या एका कुटुंबातलं हे पहिलं बाळ, मुलगी. वडील शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला, आईचं माहेर फुलंब्री तालुक्यात. पूर्ण दिवसांचं बाळंतपण, वजन २ किलो ९०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी छातीत हलका मर्मर ऐकू आला म्हणून इको झाला आणि संध्याकाळी वडील, आजी दोघं रिपोर्ट घेऊन माझ्यासमोर बसले. आजी म्हणाल्या, “मॅडम, पोरीच्या काळजाला तीन होल हायत म्हणे.”

रिपोर्टमध्ये खरोखरच तीन नोंदी होत्या: ३ मिलिमीटरचा मिड-मस्क्युलर व्हीएसडी, पीएफओ आणि छोटा पीडीए. यातल्या शेवटच्या दोन नोंदी म्हणजे आजार नव्हे. पोटात असताना बाळाची फुप्फुसं श्वास घेत नसतात, म्हणून रक्ताला फुप्फुसं टाळून जाण्यासाठी निसर्गाने दोन वाटा ठेवलेल्या असतात. पीएफओ आणि पीडीए या त्याच वाटा. पूर्ण दिवसांच्या बाळात पीडीए बहुधा काही दिवसांत मिटतो. पीएफओ बहुतेकांत पुढे मिटतो, आणि धडधाकट मोठ्या माणसांतही सुमारे चौथ्या हिश्श्यात तो थोडा उघडा राहिलेला असतो. तिसऱ्या दिवशी इको केला तर या वाटा दिसणारच. तिन्हींतला बोलण्यासारखा एकच उरला, तो व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं छिद्र.

वडिलांचा पहिला प्रश्न होता, “ऑपरेशन लागेल का?” त्याचं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं: छिद्र पडद्याच्या कुठल्या भागात आहे, आणि फुप्फुसांकडचा दाब उतरल्यावर त्यातून किती रक्त जातं.

आधी जागा. पडद्याचा मोठा भाग जाड स्नायूचा असतो. बाळ वाढतं तसा हा स्नायूही वाढतो आणि त्यातली लहान छिद्रं चहूबाजूंनी आक्रसत बंद होतात. अशी छिद्रं लोकांना वाटतात त्याहून कितीतरी जास्त बाळांत असतात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीसाठी इस्रायलमध्ये हजाराहून थोड्या अधिक नवजात बाळांचा, कुठलीही तक्रार नसताना, इको करून पाहिला गेला. त्यात हजारी सुमारे ५३ बाळांना स्नायूच्या पडद्यात छिद्र सापडलं, आणि ज्यांच्यावर पुढे लक्ष ठेवलं, त्यांच्यापैकी दहातल्या जवळपास नऊ बाळांची छिद्रं दहा महिन्यांच्या आत बंद झाली. पडद्याचा वरचा भाग मात्र पातळ पापुद्र्याचा असतो. तिथलं पेरिमेम्ब्रेनस छिद्रही बंद होऊ शकतं, शेजारच्या झडपेचा पदर त्यावर चिकटून. पण हे कमी बाळांत होतं आणि त्याला वर्षं लागतात. झडपांच्या अगदी खाली, रक्त बाहेर पडण्याच्या वाटेवर असलेलं छिद्र आपणहून क्वचितच बंद होतं, आणि लहान असलं तरी महाधमनीची झडप त्यात ओढली जाऊन गळू लागण्याचा धोका असतो. म्हणून रिपोर्टमध्ये मिलिमीटरच्या आधी मी जागा वाचते. ‘मिड-मस्क्युलर’ हा शब्द या मुलीच्या बाजूने होता.

आता दाब. मध्ये भिंत असलेल्या दोन हौदांत पाणी एकाच पातळीवर असेल, तर भिंतीला भोक असूनही पाणी इकडून तिकडे वाहत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत हृदयाची स्थिती बरीचशी अशीच असते. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या अजून आखडलेल्या असतात, उजव्या कप्प्यातला दाब डाव्याच्या जवळपास असतो, आणि मोठ्या छिद्रातूनही रक्त फारसं जात नाही. पुढच्या दोन ते सहा आठवड्यांत या वाहिन्या सैलावतात, उजवीकडचा दाब उतरतो आणि मग छिद्राचा खरा परिणाम दिसू लागतो. छिद्र मोठं असेल तर शुद्ध रक्ताचा बराच भाग शरीराकडे जाण्याऐवजी पुन्हा फुप्फुसांकडे वळतो. फुप्फुसं रक्ताने भरतात, आणि डाव्या कप्प्याला तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलावं लागतं. म्हणूनच मोठं छिद्र असलेलं बाळ पहिल्या आठवड्यात अगदी ठणठणीत दिसतं, मर्मरही ऐकू येत नाही, आणि चौथ्या ते आठव्या आठवड्यात ते थकायला लागतं.

आपल्याकडे नेमका हाच काळ बाळंतीण माहेरी असते. सव्वा महिना होईपर्यंत बाळाला बाहेर काढायचं नाही, ही रीत अनेक घरांत अजून पाळली जाते. ती मोडा असं मी आजींना सांगितलं नाही. या काळात काय पाहायचं आणि कशासाठी सव्वा महिन्याची वाट पाहायची नाही, तेवढं सांगितलं.

पाहायचं ते दूध पिणं. निरोगी बाळ पंधरा-वीस मिनिटं पितं आणि पोट भरून झोपतं. हृदयावर ताण आलेलं बाळ दोन-तीन मिनिटांत थांबतं, धापा टाकतं, दमून झोपतं आणि थोड्याच वेळात भुकेने उठतं. पिताना त्याच्या कपाळाला घाम येतो, हवा गार असली तरी. दुसरी गोष्ट श्वास. बाळ शांत झोपलेलं असताना अंगावरचं कापड बाजूला करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. ते ६० किंवा त्याहून जास्त आले तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायचे, कारण या वयात श्वासाची लय एरवीही कमीजास्त होते. पुन्हा तेवढेच आले किंवा बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात यायचं. तिसरी गोष्ट वजन. पहिल्या आठवड्यात उतरलेलं वजन दोन आठवड्यांत भरून यायला हवं आणि त्यानंतर रोज २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. आशाताई सरकारी कार्यक्रमानुसार तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते आणि वजन करते. छिद्राचा परिणाम कळायचा काळ आणि तिच्या फेऱ्यांचा काळ एकच आहे. त्या मुलीच्या आईला मी म्हटलं, “ताई, प्रत्येक वजन तारखेसह वहीत लिहा आणि फोनवर मला कळवा.”

वही नीट भरली. चौदाव्या दिवशी २ किलो ९५०, अठ्ठाविसाव्या दिवशी ३ किलो ३००, बेचाळिसाव्या दिवशी ३ किलो ७००. दूध व्यवस्थित, श्वास पन्नासच्या आत. सव्वा महिना झाल्यावर मुलगी दवाखान्यात आली तेव्हा मर्मर मात्र पहिल्यापेक्षा मोठा होता, आणि तो ऐकल्याचं मी सांगताच वडिलांचा चेहरा उतरला. “आवाज वाढला म्हणजे होल वाढलं ना?”

उलट होतं. अरुंद वाटेतून जोराने जाणारं रक्त मोठा आवाज करतं. फ्रान्सचे वैद्य आंरी रोजे यांनी १८७९ मध्येच नोंदवून ठेवलं होतं की मोठा मर्मर असलेली काही मुलं अगदी निरोगी असतात, कारण त्यांचं छिद्र लहान असतं. दुसऱ्या इकोने आकडे दिले. तिसऱ्या दिवशी दोन कप्प्यांमधल्या दाबाचा फरक, म्हणजे ग्रेडियंट, २० होता. आता तो ६० झाला होता. मुलीचा वरचा रक्तदाब ८५ होता. ८५ मधून ६० वजा केले की उजव्या कप्प्यातला दाब २५ च्या आसपास येतो. म्हणजे फुप्फुसांकडचा दाब उतरला आहे आणि छिद्र इतकं लहान आहे की डावीकडचा दाब उजवीकडे पोचत नाही. छिद्र २ मिलिमीटर झालं होतं आणि डावे कप्पे फुगलेले नव्हते. औषधाची गरज नव्हती. लसी वेळच्या वेळी द्यायच्या होत्या. वर्षाच्या आत मर्मर ऐकू येईनासा झाला आणि पुढच्या इकोमध्ये पडदा सलग दिसला.

सगळ्यांचं असं होत नाही. मी पाहिलेल्या दुसऱ्या एका बाळाचं छिद्र पेरिमेम्ब्रेनस, ७ मिलिमीटरचं, जवळजवळ त्याच्या महाधमनीच्या तोंडाएवढं होतं. पहिल्या आठवड्यात मर्मर नव्हता. पाचव्या आठवड्यात आईने सांगितलं की पिताना कपाळ ओलं होतं. श्वास सत्तरच्या घरात, आणि पंधरा दिवसांत वजन शंभर ग्रॅमही वाढलेलं नव्हतं. त्याला फुप्फुसांतलं पाणी उतरवणारं औषध सुरू झालं, काढलेल्या दुधात उष्मांक वाढवून पाजलं, आणि चौथ्या महिन्यात छिद्रावर पॅच शिवण्याची शस्त्रक्रिया झाली. अशा बाळासाठी थांबणं धोक्याचं, कारण मोठ्या दाबाचं रक्त वर्षानुवर्षं झेलून फुप्फुसांच्या वाहिन्या कायमच्या जाड होतात, आणि त्यानंतर छिद्र बुजवताही येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना यांतून अशा शस्त्रक्रियेचा खर्च भागू शकतो. त्यामुळे पैशाच्या धास्तीने इको टाळू नये.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक घरात, आईच्या समोर, सासूच्या देखत सांगते. हा पडदा गर्भधारणेनंतर सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत बनून पूर्ण होतो. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याची नुकती कुठे खात्री झालेली असते. सहाव्या-सातव्या महिन्यातल्या ग्रहणात भाजी चिरली, जड उचललं, जिना चढली, यातल्या कशानेही तयार पडद्याला छिद्र पडत नाही. आईचा अनियंत्रित मधुमेह, काही औषधं, गुणसूत्रांतले दोष अशी कारणं थोड्या बाळांत सापडतात. बाकीच्यांत कारण सापडत नाही, आणि कारण न सापडणं म्हणजे आईचा दोष सापडणं नव्हे. ज्या घरात आईवर ठपका येतो, तिथे ती बाळाचा घाम आणि वाढलेला श्वास सांगायला बिचकते, आणि आम्हाला तर सर्वांत आधी तिच्याकडूनच कळायला हवं असतं.

म्हणून आता तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट परत देताना मी त्याच्या मागच्या बाजूला हाताने लिहून देते: छिद्राची जागा, वजन करायच्या तारखा, त्याच दिवशी यावं लागेल अशी लक्षणं आणि सहाव्या आठवड्यातल्या इकोची तारीख. आईवडिलांना त्या संध्याकाळी पक्कं उत्तर मिळत नाही. पण ते कधी मिळेल आणि तोवर रोज काय पाहायचं, हे त्यांच्या हातात असतं.