तावडे हॉटेलच्या पलीकडचं जग

'स्वारगेट.' एवढा एकच शब्द उच्चारून राजारामपुरीतल्या आमच्या शेजाऱ्यांनी परवा विषय संपवला. फेब्रुवारी २०२५मध्ये तिथं उभ्या शिवशाहीत झालेला बलात्कार कोण विसरलंय? समोर त्यांची लेक, हातात दोन फुलस्केप कागद. खराडीच्या एका कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप, महिना पंधरा हजार. वडिलांनी कागदांची घडीही उलगडली नाही. 'बघू' म्हणाले. या शब्दावर माझा जुना राग आहे. नकार तर द्यायचाय, पण वाईटपणा घ्यायचा नाही, अशा वेळी मराठी बाप 'बघू' म्हणतो.

मग ठेवणीतलं वाक्य आलं. 'तुझ्यावर विश्वास आहे गं, जगावर नाही.'

हे जग नेमकं कुठं राहतं? माझ्या निरीक्षणाप्रमाणे ते तावडे हॉटेलपाशी सुरू होतं. तिथं हायवेला लागलं की माणसं एकदम बिघडतात. अलीकडं सगळे घरचेच. हीच पोरगी क्लास सुटल्यावर रात्री नऊला मोपेडवरून एकटी येते, तेव्हा जग जेवायला बसलेलं असतं. थोरला हिंजवडीला गेला, तेव्हा ते बहुधा रजेवर होतं. त्याच्या खोलीचा पत्ता घरात कुणी विचारलासुद्धा नाही. पुण्यातला बापही लेकीला कोल्हापुरात धाडताना हेच म्हणत असेल, आणि त्याच्या हिशेबात ते जग म्हणजे आपण. 'लोक काय म्हणतील' हेही निघालंच. ते निदान प्रामाणिक आहे.

आणि हे कुठल्या गावात चाललंय? १९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. दसरा चौकात गेलं तर आजही दिसतात. खेड्यातल्या बापाला तेव्हा कोल्हापूर हेच जग होतं. तरी त्यानं पोरगं सोडलं, कारण ते कुठं झोपतंय, कुठं जेवतंय आणि भेटायला गेलं तर कुणाला विचारायचं, हे त्याला ठाऊक होतं.

पोरीच्या कागदावर हेच होतं. शेवटी मीच घडी उलगडली. दोघींची खोली, दोन वेळच्या जेवणासह नऊ हजार. घरमालकीणबाईंचा, खोलीतल्या मैत्रिणीचा आणि तिच्या आईचा नंबर. कंपनीच्या लैंगिक छळ तक्रार समितीच्या अध्यक्षांचं नाव. २०१३च्या कायद्यात शिकाऊ मुलगीही 'कर्मचारी' धरली जाते, हे मला या पोरीमुळं पक्कं कळलं. रात्री साडेनऊनंतर काम असेल तर तिची संमती आणि कंपनीची गाडी, हा महाराष्ट्रातला नियमही टिपलेला. कोल्हापूरहून निघणं नेहमी सकाळचं, म्हणजे स्वारगेटला उजेडी उतरता येतं. बापाच्या त्या एका शब्दाला याहून सरळ उत्तर मला तरी सुचलं नसतं.

सगळ्यात आवडली ती एक ओळ. रोज साडेनऊला फोन. दहापर्यंत आला नाही तर आधी मैत्रिणीला, मग घरमालकीणबाईंना, आणि साडेदहापर्यंत पत्ता लागला नाही तर ११२. म्हणजे आईनं पावणेदहाला देव पाण्यात ठेवायचे नाहीत.

एका जागी मात्र पोरगी चुकली होती. खोली तिनं फोटोवरून ठरवली होती आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट त्याच रात्री ऑनलाइन भरणार होती. फोटोत कुठलीही खोली हवेशीर दिसते. मी म्हटलं, आई-बाबांना घेऊन जा. रात्री नऊला बसस्टॉपपासून दारापर्यंत चालत जा, रस्त्यावर दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का ते बघा. तिथं राहणाऱ्या एखाद्या मुलीशी मालकीणबाईंच्या माघारी बोला. मध्येच खोली सोडली तर डिपॉझिटातून किती कापणार, हे कागदावर लिहून घ्या आणि मगच पैसे द्या. सहा महिन्यांच्या पाहुणीला अकरा महिन्यांच्या अटीत अडकवणारे आहेत.

आईला चोवीस तास लोकेशन हवं होतं. मला हा प्रकार आवडत नाही. सज्ञान माणसाच्या गळ्यात घंटा बांधायची नसते. पण पहिला महिना द्यावं बापडीनं. आईचा जीव आहे, तत्त्व काय, दुसऱ्या महिन्यापासूनही पाळता येईल.

वडील गप्प होते. मग चष्मा लावून त्यांनी कागद ओढला, बोट फिरवत जेवणाच्या ओळीवर थांबले आणि त्या संध्याकाळचा पहिला खरा प्रश्न विचारला.

'रविवारी मटण असतंय का तिथं?'