डोक्यावरून की पुढून

कपाटातले चार गरम कपडे काढा आणि पलंगावर शेजारी शेजारी पसरून ठेवा: एक विणलेला पुलओव्हर, एक गोल गळ्याचा स्वेटशर्ट, एक हुडी आणि एक कार्डिगन. आत्ता अंगात काही घालायचं नाही. नुसतं बघायचं आणि हात लावायचा.

आधी पुलओव्हरच्या गळ्यावर बोटं टेकवा. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण 56 सेंटिमीटर असतो आणि मानेचा 38च्या आसपास. या गळ्यातून डोकं जायला हवं आणि ते गेल्यावर गळा मानेशी मिटायलाही हवा. एकाच कडेकडून दोन उलट कामं मागितलेली आहेत. म्हणून गळ्याला रिबची पट्टी असते, म्हणजे सुलट आणि उलट टाक्यांच्या उभ्या ओळी आलटून पालटून. सुलट ओळ पुढे येते, उलट ओळ मागे दडते आणि वीण आपोआप आक्रसून बसते. ओढली की दडलेल्या ओळी उघडतात, सोडली की पुन्हा मिटतात. पट्टी हळूच ताणा आणि सोडा. ती लगेच मिटली तर गळा जिवंत आहे. सोडल्यावरही कडेला लाटा राहिल्या तर तो सैलावला आहे; ऊब आता तिथूनच निसटणार.

आता स्वेटशर्टच्या गळ्याकडे या. काही स्वेटशर्टांवर गोल गळ्याच्या खाली, अगदी मध्यभागी, रिबचा एक छोटा त्रिकोण दिसेल. 1920च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामामध्ये रसेल यांच्या गिरणीने फुटबॉल खेळाडूंच्या टोचणाऱ्या लोकरी जर्सीऐवजी सुती स्वेटशर्ट बनवले. सुती कापड लोकरीइतकं ताणलं जात नाही. अशा गळ्यात त्रिकोणाची रिब डोकं जाताना थोडी जादा जागा देते. आज पुष्कळदा तो नुसत्या शिलाईने रेखलेला असतो. बोटाने चाचपून बघा: खाली वेगळी वीण लागली तर तो काम करतो आहे, नाही तर शोभेचा आहे.

हुडीत गळ्याची रिब नाहीशी झालेली आहे. तिच्या जागी टोपी शिवली आहे आणि ती शिवण फारशी ताणली जात नाही. डोकं जायचं तर गळा मुळातच मोठा ठेवावा लागतो, म्हणून टोपी मागे टाकली की हुडी पुढून मानेला सोडून राहते. मागे मात्र टोपीची घडी मानेवर पडते आणि तिथली ऊब राखते. टोपी चढवून नाडी ओढली, की पुढची फटही मिटते.

कार्डिगनला डोक्याची काळजीच नाही. ते पुढून उघडतं, म्हणून त्याचा गळा कितीही खोल किंवा कितीही बंद असू शकतो. पण या सोयीची किंमत द्यावी लागते. सुलट विणीची मोकळी उभी कड मागच्या बाजूला वळत जाते. तिला सरळ धरायला वेगळी पट्टी लागते आणि त्या पट्टीवरच बटणं आणि काजं येतात. एवढं कार्डिगन मात्र अंगात घालून, बटणं लावून आरशात पाहा. दोन बटणांच्या मध्ये फट उघडत असेल, तर मापात ते लहान आहे. चेनच्या हुडीत दुसरीच अडचण येते: कापड धुण्यात आटतं, चेन आटत नाही. म्हणून काही धुण्यांनंतर चेन नागमोडी उभी राहते. ती इस्त्रीने कायमची बसत नाही.

आता कपडे उलटे करा. स्वेटशर्टची आतली बाजू दिसते. तिथे सुताचे छोटे वळसे ओळीने दिसले, तर कापड हलकं आहे. घाम टिपेल, पण फार ऊब धरणार नाही. वळसे खरवडून मऊ लव काढलेली असेल, तर त्या लवेत हवा अडकते आणि ऊब वाढते. बरीच धुणी झाल्यावर ही लव दबते, तिच्या गाठी होतात आणि तोच कपडा पूर्वीइतका गरम वाटत नाही.

पुलओव्हर आणि कार्डिगनची वीण उजेडाकडे धरा. टाक्यांमधून उजेड जिथून येतो तिथून वाराही येणार. आपल्याला ऊब देते ती धाग्यांमध्ये थांबलेली हवा. ती थांबलेली असेतोवर जाड, सैल वीणही गरम असते. वारा सुटला की ती हवा वाहून जाते. धागाही बघा. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. सुती कापड घामाने भिजलं, की अंगाला चिकटून गार पडतं.

आता हे सगळं एका दिवसावर ठेवून पाहू. डिसेंबरातलं नाशिक. पहाटे पारा 10-12 अंशांवर, दुपारी 28च्या आसपास. सातला दुचाकीवरून निघायचं आहे आणि संध्याकाळी परतायचं आहे.

अंगाशी कॉलरचा सुती शर्ट. त्यावर बारीक विणीचा, व्ही गळ्याचा पुलओव्हर: शर्टाची कॉलर व्हीमध्ये नीट बसते, गोल गळ्याखाली ती फुगते. हा थर अंगालगत हवा, कारण त्याच्यावर दुसरा यायचा आहे. खालचा सैल आणि वरचा घट्ट असला, तर खालच्याच्या बाह्या काखेत गोळा होतात आणि दबलेल्या विणीत हवा उरत नाही. वर कार्डिगन किंवा चेनची हुडी, थोडी ऐसपैस.

दुचाकीवर एवढं पुरत नाही. वेगाचा वारा तिन्ही थरांतून आरपार जातो, म्हणून सगळ्यात वर पातळ विंडचीटर लागतो. त्यालाही टोपी असेल तर आत कार्डिगनच बरं. दोन टोप्यांचा मानेमागे गठ्ठा होतो. आत हुडी असेल तर तिची टोपी हेल्मेटखाली चढवू नका, कारण तिच्या जाडीमुळे हेल्मेट डोक्यावर पक्कं बसत नाही. टोपी विंडचीटरच्या आत घडी करून ठेवा.

दहाच्या सुमाराला ऊन चढतं. पहिला उतरतो विंडचीटर. मग कार्डिगनची बटणं सोडा, पण लगेच काढू नका. समोरून उघडं कार्डिगन अर्धी ऊब ठेवतं आणि अर्धी सोडतं, हे पुलओव्हरला जमत नाही. पुलओव्हर एक तर अंगात असतो, नाही तर हातात. मध्ये चष्मा, केस आणि आतल्या शर्टाची ओढाताण.

म्हणून डोक्यावरून जाणारा कपडा आत, पुढून उघडणारा बाहेर. दिवसभर जो थर बदलायचा नाही, त्याने डोक्यावरून यावं: त्याला उघडणारी पट्टी नाही, छातीवर फट नाही. जो थर तासातासाला बदलणार, त्याला बटणं किंवा चेन हवी. नवा कपडा विकत घेताना रंगाच्या आधी हे एकच ठरवा, की तो तुमच्या दिवसात किती वेळा काढावा लागणार आहे. गळा, पट्टी आणि वीण कशी हवी, ते त्या उत्तरातून आपोआप कळत जाईल.