नाव नंतर सांगा, पगार आधी

माझा पुतण्या कामशेतला राहतो. डिप्लोमा करून चार वर्षं क्वालिटीत काम करतोय. परवा त्याला मोबाइलवर एका कन्सल्टन्सीवाल्याचा निरोप आला: तळेगाव एमआयडीसीतल्या नामांकित कंपनीत जागा आहे, पगार उत्तम, सीव्ही, सध्याचा सीटीसी आणि अपेक्षा लगेच कळवा. नामांकित कंपनीचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

त्याने उत्तर लिहून ठेवलं होतं. त्यात सध्याच्या बावीस हजारांचे अठ्ठावीस हजार झाले होते. "ते लपवतात, मग मी वाढवून सांगितलं तर काय बिघडलं, काका?"

पुढे पगाराच्या स्लिपा मागतात तेव्हा ते उघडं पडतंच. पण मला आधी पाहायचं होतं की समोरचा नेमकं काय लपवतोय. कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते; पुष्कळदा ते उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या बाराव्या हिश्शाइतके असतात. नाव आधीच फोडलं तर मुलगा थेट गेटवर अर्ज टाकेल, ही कन्सल्टन्सीवाल्याची भीती खोटी नाही. पगाराचा पल्ला सांगण्यात मात्र त्याचं फारसं काही जात नाही. (उमेदवाराकडेच कोणी 'फाइल चार्ज' मागितला, तर तिथेच निरोप घ्यावा.)

म्हणून आम्ही नवीन उत्तर लिहिलं: "नमस्कार. जागेत रस आहे. नाव नंतर सांगितलंत तरी चालेल, मी परस्पर अर्ज करणार नाही. काम नेमकं कोणतं, पाळ्या कशा, पगार कोणाच्या पेरोलवर आणि किमान-कमाल किती, त्यात ठरलेला भाग किती, हे कळवाल का? ते जुळलं की सीव्ही पाठवतो. सध्याच्या पगाराबद्दल मुलाखतीत बोलू."

संध्याकाळी उत्तर आलं: इनकमिंग इन्स्पेक्शन, तीन पाळ्या, कंपनीच्याच पेरोलवर, सीटीसी चार लाख वीस हजारांपर्यंत. पुतण्या खूश. महिना पस्तीस हजार!

मी कागद घेतला. मूळ पगार निम्मा धरला, म्हणजे महिना साडेसतरा हजार. त्यावर कंपनीचा पीएफ बारा टक्के, वर्षाला २५,२००. ग्रॅच्युइटीचे सुमारे १०,१००. कामगिरीवर मिळणारे ३६,००० धरले, ते मिळाले तर मिळाले. हे वजा जाता दरमहा साधारण २९,०५० उरतात. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ २,१०० आणि व्यवसाय कर २०० गेले की हातात पावणेसत्तावीस हजार. पीएफ त्याचाच आहे, पण तो घरभाड्याला उपयोगी पडत नाही.

मग त्याने आणखी दोनच गोष्टी विचारल्या: कामगिरीचा भाग खरोखर किती धरलाय, आणि दुसरी पाळी सुटल्यावर कामशेतपर्यंत कंपनीची बस आहे का. पहिल्याचं उत्तर लगेच आलं. बसबद्दल "विचारून सांगतो" असं आलंय. पुतण्याने सीव्ही अजून पाठवलेला नाही.