लग्नाचीं अपुरीं वस्त्रें

मनुष्यभय माणसास कसें गुंतवितें हें नीतिसूत्रें २९:२५ येथें आपण वाचतों. गोदाकाठच्या एका ख्रिस्ती शिंप्याच्या गोष्टीवरून त्या वचनाचा अर्थ कळण्यास मदत होईल.

वैशाखांतील लग्नें पंधरा दिवसांवर आलीं होतीं. एके रात्रीं कंदिलाजवळ काजें करितां करितां त्यास डुलकी लागली व स्वप्न पडलें. नवरदेव मंडपांत उभा आहे, पण त्याच्या कोटास डावी बाही नाहीं. नवरीची चोळी नुसत्या कच्च्या टांक्यांवर आहे व ती हालली कीं एकेक टांका उसवत आहे. वऱ्हाडी कांहींच बोलत नाहींत, केवळ त्याच्याकडे पाहतात. तो दचकून जागा झाला.

उजाडतांच त्यानें खडूनें फळीवर हिशेब मांडला. कोट ९, बेतण्यापासून काजांपर्यंत एकास दोन दिवस. चोळ्या २४; दिवसास तीन. म्हणजे काम २६ दिवसांचें, आणि दोन रविवार वगळतां हातीं दिवस १३. हें त्यास पूर्वींच ठाऊक नव्हतें काय? होतें. तरी जो येई त्यास तो "होईल" म्हणे. कारण कोणी तोंड उतरवून दारांतून परत जावें हें त्यास सोसत नसे. यास तो आपली दया समजत असे. स्वप्नांतील तीं तोंडें आठवलीं तेव्हां ती दया नसून भीति होती हें त्यास दिसलें. विधवेच्या मुलाच्या कोटाचें कापड सर्वांआधीं आलें होतें, पण पाटील नाराज होतील म्हणून तें गाठोड्याच्या तळाशीं गेलें होतें. दया असती तर असें झालें असतें काय?

मत्तयाच्या २२ व्या अध्यायांतील दाखला वाचतांना आपल्यासच जाब विचारला जात आहे असें त्यास नेहमीं वाटे. वास्तविक तेथें शिंप्याचें नांवही नाहीं. जाब लग्नाचें वस्त्र न घालतां आलेल्या पाहुण्यास विचारला आहे.

त्यानें प्रार्थना केली व गाठोडें सोडलें. जें बेतून झालें होतें तें परत देतां येत नव्हतें, कारण दुसऱ्याचें बेतलेलें कापड कोणी शिंपी सहसा हातीं घेत नाहीं. त्यानें ४ कोट व १२ चोळ्या ठेविल्या व अंगावर घालून पाहिल्यावर शिवण सोडावी लागते त्यासाठीं एक दिवस मोकळा राखिला. उरलेलें न बेतलेलें कापड घेऊन तो घरोघर गेला.

एका वरपित्यानें म्हटलें, "आज सांगितलेंस म्हणून तालुक्यास जातां येईल. आदल्या रात्रीं सांगतास तर मीं काय केलें असतें?" पाटील मात्र फार रागावले. "आमचें कापड परत आणतोस?" असें म्हणून त्यांनीं तें हिसकावून घेतलें व पाठ फिरविली. त्यांचा चेहरा उतरलेला त्यानें प्रत्यक्ष पाहिला. तो कांहीं वेळ तेथेंच उभा राहिला. मग घरीं येऊन त्यानें विधवेचें कापड वर काढलें व बेतण्यापूर्वीं आटावें म्हणून पाण्यांत भिजत घातलें.